चार मिलिग्रॅम आणि दहा शेक

फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पोचला की रुग्णाच्या फाइलमध्ये बहुधा दोन ओळी येतात. डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम दर सहा तासांनी, ही एक. संपूर्ण मेंदूला शेक, ३० ग्रे, १० बैठकांत, ही दुसरी. माधवनगरचा रुग्ण मिरजेला दाखवो, कोल्हापूरला जावो की थेट मुंबईला टाटा हॉस्पिटल गाठो, वर्षानुवर्षं या दोन ओळी जवळपास तशाच भेटत आल्या आहेत. अलीकडे त्यांच्या शेजारी तिसरा पर्याय उभा राहिला आहे. सगळा मेंदू न शेकता फक्त गाठींवर नेमकी किरणं सोडायची, असा हा पर्याय. डॉक्टर घरच्यांना विचारतात, "यातलं काय करू या?" हातात वेळ थोडा, डोक्यात काळजी, आणि समोर सगळे नवे शब्द.

डॉक्टरांनी नुसते फायदे-तोटे मोजून दाखवले तरी हा प्रश्न नीट उलगडत नाही, कारण यातला प्रत्येक उपाय वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीवर निघालेला आहे. कोणता आकडा कुठून आला आणि तेव्हा वैद्यांना काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं, एवढं कळलं की निवडीचा खरा मुद्दा हाती येतो. म्हणून या दोन ओळींचा हा मागोवा.

सूज आणि सोळा मिलिग्रॅम

मेंदूतली गाठ दिसायला लहान असते. १५-२० मिलिमीटरची गाठ पोटात असती तर कळलीही नसती. पण गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. त्यांतून पाणी झिरपतं आणि आजूबाजूच्या मेंदूत साचतं. कवटी हाडाची, ती पसरत नाही, त्यामुळे दाब वाढतो. पहाटेची डोकेदुखी, वांती, एका हातातली शक्ती जाणं, बोलताना शब्द न सापडणं, यांतलं बरंचसं गाठीपेक्षा या सुजेमुळे होतं.

कॉर्टिसोन हे औषध १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं आणि १९५० मध्ये त्यामागच्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळालं. पुढच्या दहा वर्षांत त्याचे अनेक भाऊबंद तयार झाले. १९५७ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या, मेंदूत गाठी असलेल्या रुग्णांना प्रेडनिसोलोनने आराम पडल्याचं छापून आलं. त्यानंतर आलं डेक्सामेथासोन. जुन्या स्टेरॉइडांनी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवलं जायचं, ते याने फारसं होत नाही. आणि सूज उतरवायची तर हाच गुण हवा. मिनेसोटा विद्यापीठातले जोसेफ गॅलिसिच, लाइल फ्रेंच आणि जेम्स मेल्बी यांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांना ते देऊन पाहिलं आणि १९६१ मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. आधी १० मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४ मिलिग्रॅम. बेशुद्धीकडे चाललेली माणसं दोन-तीन दिवसांत बोलू लागली. त्या काळच्या शल्यविशारदांना हे केवढं वाटलं असेल! सुजेने फुगलेल्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना माणसं दगावत होती, तिथे हे औषध मोठा आधार ठरलं.

तो डोस मग कायमचा झाला. चार गुणिले चार, दिवसाला १६ मिलिग्रॅम. पण कमी डोसाने भागतं का, ही तुलना तेव्हा कुणी केली नव्हती. ती झाली तेहतीस वर्षांनी, १९९४ मध्ये, नेदरलँड्समधल्या व्हेख्त यांच्या अभ्यासात. मेंदूत गाठी असलेल्या, पण जिवाला तातडीचा धोका नसलेल्या रुग्णांना चिठ्ठी टाकून ४, ८ किंवा १६ मिलिग्रॅम रोज दिलं गेलं. आठवड्यानंतर सुधारणा सगळ्या गटांत सारखीच होती. महिन्याभरात दुष्परिणाम मात्र १६ वाल्यांत जास्त दिसले, विशेषतः मांड्यांतली ताकद जाणं आणि चेहरा सुजणं.

म्हणून आज दाब फार वाढलेला असेल, रुग्ण गुंगीत जात असेल, तर १६ मिलिग्रॅम योग्य. डोकेदुखी आणि थोडा अशक्तपणा असेल तर दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम पुरतं. औषध शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे दर सहा तासांनी देण्याचीही गरज नाही. सकाळी एक आणि दुपारी एक मात्रा द्यावी. रात्री घेतलेली गोळी झोप घालवते. काहीच लक्षण नसेल, एमआरआयमध्येच गाठ सापडली असेल, तर बहुतेकदा स्टेरॉइड लागतच नाही.

सोळा मिलिग्रॅम डेक्सा म्हणजे जवळपास शंभर मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं. साखर चढते. मधुमेह नसलेल्यांचीही चढते, आणि ती दुपारनंतर जास्त, म्हणून फक्त उपाशीपोटी तपासून भागत नाही. तोंडात पांढरी बुरशी धरते आणि जेवण नकोसं होतं. तीन-चार आठवड्यांत माणसाला खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येईनासं होतं. घरच्यांना वाटतं, कॅन्सर पसरला. पुष्कळदा ते स्टेरॉइडनेच झिजलेल्या स्नायूंचं काम असतं. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच बाजूचा हातपाय गेला तर मेंदूकडे बघावं, आणि दोन्ही मांड्या सारख्याच ढिल्या पडल्या तर आधी डेक्साच्या डोसाकडे.

ही गोळी सूज उतरवते, पण या गाठी मारत नाही. आराम पडला की "औषध लागू पडलं" म्हणून तीच महिनोन्‌महिने चालू राहते, हा सर्वांत नेहमीचा घोळ. आणि संपली म्हणून एका दिवसात बंद करणं हा दुसरा. बाहेरून स्टेरॉइड येत असताना शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळतो, वांत्या होतात, सूजही परत येते. शेक सुरू झाले की दर चार-पाच दिवसांनी डोस अर्धा करत न्यायचा. एखाद्या टप्प्यावर डोकं पुन्हा दुखू लागलं तर एक पायरी मागे यायचं. पहिल्या दिवशी गोळी लिहितानाच ती कधी आणि कशी थांबवायची हेही लिहून घ्यावं.

न दिसणारा मेंदू

आता दुसरी ओळ. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या चाओ, फिलिप्स आणि निक्सन यांनी १९५४ मध्ये मेंदूत कॅन्सर गेलेल्या ३८ रुग्णांना दिलेल्या शेकांची हकीगत छापली. त्यांतल्या २४ जणांना आराम पडला. डोकं दुखायचं थांबलं, फिट कमी झाल्या, काहींचा हात हलू लागला. तोवर अशा रुग्णांसाठी करण्यासारखं फारसं काही नाही असंच मानलं जाई.

त्यांनी सगळ्याच मेंदूला शेक का दिला, याचं उत्तर साधं आहे. गाठी किती आणि कुठे आहेत हे त्यांना दिसत नव्हतं. साध्या एक्स-रेत कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. पाठीच्या कण्यातून हवा भरून काढलेल्या चित्रावरून किंवा रक्तवाहिन्यांत रंग सोडून गाठीचा अंदाज बांधायचा, तोही मोठ्या गाठीचा. मेंदूच्या आतला काप दाखवणारं सीटी स्कॅन माणसावर पहिल्यांदा झालं ते लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, १ ऑक्टोबर १९७१ रोजी. एमआरआय १९८० च्या दशकात आलं, आणि गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन दोन-तीन मिलिमीटरची गाठ उजळून दाखवणं त्या दशकाच्या शेवटी जमू लागलं. त्याआधीच्या वैद्याने सगळा मेंदू शेकला, त्यात चूक काहीच नव्हती. एक गाठ कळली तर न कळलेल्या आणखी असणारच, हा त्याचा तर्क बरोबर होता.

दहा बैठका कुठून आल्या? १९७१ ते १९७६ या काळात अमेरिकेतल्या आरटीओजी या संशोधनगटाने सुमारे अठराशे रुग्णांवर दोन मोठे अभ्यास केले. कुणाला एका आठवड्यात २० ग्रे, कुणाला दोन आठवड्यांत ३०, कुणाला चार आठवड्यांत ४०. १९८० मध्ये निष्कर्ष आला की सगळे सारखेच. निम्म्याअधिक जणांना आराम आणि सरासरी आयुष्य १५ ते १८ आठवडे. मग चार आठवडे रुग्णाला खेपा का घालायला लावायच्या? दोन आठवड्यांचे दहा शेक आणि एका आठवड्याचे पाच शेक ही वेळापत्रकं जगभर रूढ झाली. म्हणजे हा आकडा कॅन्सरवर सर्वांत जालीम म्हणून निवडलेला नाही. आयुष्य चार महिन्यांचं धरून, त्यातले कमीत कमी दिवस खर्च व्हावेत म्हणून तो निवडलेला आहे.

हे गृहीत धरलेले चार महिने पुढे मोडले. काही रुग्ण वर्ष, दीड वर्ष जगू लागले. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्याच लिसा डीअँजेलिस यांनी बारा रुग्णांची नोंद केली. शेकांनंतर त्यांच्या मेंदूतला कॅन्सर आटोक्यात होता, पण विसराळूपणा वाढत जाऊन बुद्धी गेली, चाल अडखळू लागली, लघवीवर ताबा राहिना. यांतल्या बहुतेकांना एकेका बैठकीत मोठा डोस मिळालेला होता. शेकांची किंमत तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसली. चार महिने जगणाऱ्याला ती द्यावीच लागत नव्हती, त्याआधीच तो जात होता.

दिसू लागल्यावर

दुसरी वाट स्वीडनमधून आली. लार्स लेक्सेल या न्यूरोसर्जनने १९५१ मध्येच कल्पना मांडली होती की कवटी न उघडता अनेक बाजूंनी बारीक किरणं सोडायची आणि ती सगळी एका बिंदूत मिळवायची. वाटेतल्या मेंदूला प्रत्येक किरणाचा थोडासाच डोस लागतो, बिंदूवर मात्र सगळ्यांची बेरीज होते. १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिलं गॅमा नाइफ यंत्र चालू झालं. पण बिंदू कुठे धरायचा हे आधी दिसायला हवं, म्हणून कॅन्सरच्या पसरलेल्या गाठींसाठी ही पद्धत सीटी आणि एमआरआय आल्यावरच वाढली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात १९९७ मध्ये गॅमा नाइफ आलं आणि महाराष्ट्रातल्या रुग्णाला ही सोय राज्यातच मिळू लागली. आज चांगल्या लिनॅक यंत्रावरही हेच काम होतं.

त्यानंतरचा वाद एकच होता. दिसणाऱ्या गाठींवर नेमकी किरणं दिल्यावर, न दिसणाऱ्यांसाठी सगळ्या मेंदूला शेक द्यायचा की नाही? जपानच्या आओयामा यांनी २००६ मध्ये एक ते चार गाठींच्या १३२ रुग्णांचा अभ्यास मांडला. नुसती नेमकी किरणं घेतलेल्यांत वर्षभरात ७६ टक्क्यांना मेंदूत पुन्हा काही ना काही उगवलं, सगळा मेंदूही शेकलेल्यांत ४७ टक्क्यांना. फरक मोठा. तरीही दोन्ही गट सारखेच जगले, जेमतेम आठ महिने. कारण नव्या गाठी वेळेवर दिसल्या आणि त्यांवर पुन्हा उपचार झाले. पुढे २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २१३ रुग्णांच्या अभ्यासात स्मृती आणि आकलन मोजलं गेलं. तीन महिन्यांनी त्यात घट झालेली आढळली ती सगळा मेंदूही शेकलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्क्यांत, आणि फक्त नेमकी किरणं घेतलेल्यांत ६४ टक्क्यांत. दरम्यान जपानमध्येच यामामोतो यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पाच ते दहा लहान गाठी असल्या तरी नेमक्या किरणांनी रुग्ण दोन ते चार गाठीवाल्यांइतकाच जगतो, मात्र सगळ्या गाठी मिळून १५ मिलिलिटरच्या आत हव्यात.

इथे खरा मुद्दा आहे. नेमक्या किरणांचा निकाल चांगला आला तो दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करणाऱ्या रुग्णांत. पुढचे एमआरआय हा या उपचाराचाच भाग आहे. ते वगळले तर उरतो तो फक्त ७६ टक्के हा आकडा.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजण्यासाठी एक कल्पित रुग्ण घेऊ. माधवनगरची ५४ वर्षांची बाई, तीन वर्षांपूर्वी हर-टू पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेली. दोन आठवडे पहाटे डोकं दुखतं, डाव्या हातातून भांडं निसटतं. सीटीत उजव्या बाजूला सूज दिसते. डेक्सा ४ मिलिग्रॅम सकाळी, ४ दुपारी सुरू होतं आणि तिसऱ्या दिवशी हाताला पकड येते.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडे मेंदूत क्षयाची गाठ होते, फीतकृमीच्या अळीची गाठही होते, आणि स्टेरॉइडने त्यांचीही सूज उतरते. म्हणजे आराम पडला यावरून गाठ कॅन्सरचीच, असं ठरत नाही. पॅचेल यांच्या अमेरिकेतल्या १९९० च्या प्रसिद्ध अभ्यासात मेंदूत एकच गाठ असलेल्या ५४ जणांना कॅन्सर पसरला असं धरलं होतं. तुकडा तपासल्यावर सहा जणांत ते दुसरंच काही निघालं. एकच गाठ असेल, मूळ कॅन्सर बरीच वर्षं शांत असेल किंवा मूळ कॅन्सरच सापडला नसेल, तर शेक देण्याआधी तुकडा तपासण्याचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

या बाईच्या एमआरआयमध्ये १८, ११ आणि ६ मिलिमीटरच्या तीन गाठी दिसतात. तिन्ही मिळून चार मिलिलिटरही भरत नाहीत. ती स्वतःची कामं करते, बाकी शरीरात कॅन्सर आटोक्यात आहे. ही नेमक्या किरणांची रुग्ण. चेहऱ्यावर घट्ट मुखवटा बसवतात, एक मिलिमीटरच्या कापांचा ताजा एमआरआय काढतात, कारण महिन्यापूर्वीच्या चित्रावर बेतलेली किरणं वाढलेल्या गाठीची कड चुकवू शकतात. दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला एका बैठकीत २० ते २४ ग्रे. गाठ तीन सेंटिमीटरच्या वर असती तर एवढा डोस आजूबाजूच्या मेंदूला झेपला नसता. मग शस्त्रक्रिया किंवा तीन-पाच बैठकांत विभागून किरणं. केस जात नाहीत. डेक्सा दोन-तीन आठवड्यांत ८ वरून ४, २, १ करत बंद होतं.

पाचव्या महिन्याच्या एमआरआयमध्ये नवी ५ मिलिमीटरची गाठ दिसते. लक्षण काही नाही. तिच्यावर पुन्हा एक बैठक. दहाव्या महिन्यात जुनी १८ मिलिमीटरची गाठ फुगलेली दिसते, भोवती सूज. कॅन्सर परतला, की किरणांनी मेलेल्या पेशींचा हा दाह? साध्या एमआरआयमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. किरणांनंतर सहा ते अठरा महिन्यांत हा दाह होण्याचा संभव असतो. रक्तपुरवठा दाखवणारा एमआरआय किंवा पेट स्कॅन मदत करतो, कधी सहा आठवडे थांबून पुन्हा चित्र काढावं लागतं. दाह असेल तर पुन्हा किरणं देणं घातक. थोडे दिवस डेक्सा, आणि गरज पडली तर बेव्हासिझुमॅब हे उपाय आहेत.

आता हीच बाई, पण गाठी वीस-पंचवीस, किंवा मेंदूच्या आवरणावर कॅन्सर पसरलेला. तिथे न दिसणाऱ्या गाठींचा जुना तर्क आजही लागू पडतो आणि दहा शेकच योग्य. मात्र आज ते १९८० सारखे द्यायची गरज नाही. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग वाचवून शेक देणं आणि सोबत मेमँटीन ही गोळी देणं, याने स्मृती जास्त टिकते हे २०२० च्या अभ्यासात दिसलं. गाठ त्या भागाच्या अगदी जवळ किंवा आवरणात नसेल तर हे मागावं.

आणि रुग्ण अंथरुणाला खिळलेला, फुप्फुसाचा कॅन्सर सर्वत्र पसरलेला असेल तर? फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत गेलेल्या ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या ५३८ रुग्णांचा क्वार्ट्झ अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यांच्यावर शस्त्रक्रिया किंवा नेमकी किरणं करणं शक्य नव्हतं. निम्म्यांना डेक्सा आणि पाच शेक, निम्म्यांना डेक्सा आणि चांगली शुश्रूषा. पहिले ९.२ आठवडे जगले, दुसरे ८.५. अशा माणसाला रोज गाडीत घालून नेण्यापेक्षा घरी योग्य डोसाचं डेक्सा आणि वेदनाशामक देणं हाही पूर्ण उपचार आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके बदल सापडला तर मात्र हे चित्र पालटतं, कारण त्यावरच्या नव्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात. ती तपासणी झाल्याशिवाय कुणाला "आता काही नाही" असं सांगू नये.

माधवनगरचा हिशेब

कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं तेव्हापासून या भागातला माणूस अवघड दुखण्याला मिरज गाठतो. आज तिथे सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालयही आहे. दहा शेकांसाठी माधवनगरहून रोज जाऊन-येऊन राहता येतं. नेमक्या किरणांसाठी कदाचित एकदाच, पण लांब जावं लागतं, आणि पुढे वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय. पहिल्याचा खर्च एकदम दिसतो आणि संपतो. दुसऱ्याचा वर्षभर चालतो. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी आणि घरच्यांनी हा हिशेब एकत्र बसून करायला हवा.

म्हणून निवडीआधी तीन प्रश्न विचारावेत. गाठी किती आणि सगळ्या मिळून केवढ्या, ही मोजणी गॅडोलिनियम दिलेल्या एमआरआयवर झाली आहे का? डेक्सा कधी उतरवायचं, कोणत्या तारखेला किती? आणि पुढचा एमआरआय कुठे, कधी, त्याचे पैसे आणि सोबतीला येणारं माणूस ठरलं आहे का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर आणि गाठी थोड्या, लहान असतील तर नेमकी किरणं घ्यावीत, त्यासाठी पुण्या-मुंबईचा प्रवास करावा लागला तरी. उत्तर खरोखर "नाही" असेल, पुन्हा एमआरआय होणारच नसेल, तर मिरजेतले दहा शेक घेण्यात कमीपणा मानू नये. ज्याचा मेंदू पुन्हा पाहिला जाणार नाही, त्याच्यासाठी तो उपाय आजही प्रामाणिक आहे. पण ते "नाही" गाडीभाडं आणि स्कॅनचे पैसे यांपुरतंच असेल तर आधी ते पैसे उभे करायच्या मागे लागावं, कारण त्या पैशांच्या बदल्यात रुग्णाची स्मृती वाचू शकते.